नवे नाव निवडून ते घरी, शिक्षणसंस्थेत आणि ऑफिसात कसे सांगावे?

प्रश्न : "मी पारलिंगी पुरुष आहे. नोकरी करता करता पदवीचे शिक्षणही घेत आहे. स्वतःसाठी नवे नाव घ्यायचे ठरवले आहे, पण कोणते ते अजून नक्की होत नाही. आईवडिलांना, कॉलेजात आणि ऑफिसात हे कोणत्या क्रमाने आणि कसे सांगू, म्हणजे कोणी दुखावणार नाही आणि माझीही फजिती होणार नाही?"

मी पारलिंगी स्त्री आहे. काही वर्षांपूर्वी, शिकत असतानाच, मी नाव बदलले आणि पुढे नोकरीतही ते रुजवले. माझे जुने नाव या उत्तरात येणार नाही, कारण त्याची इथे गरज नाही.

नावाचा अर्थ सुंदर असावा, याला लोक फार महत्त्व देतात. माझ्या मते आधी ते नाव हाक म्हणून कसे चालते ते तपासावे. विश्वासातल्या एक-दोन मित्रांना काही आठवडे त्याच नावाने बोलवायला सांगा. दुसऱ्या खोलीतून, गर्दीत, फोनवर, शक्य असल्यास थोडे चिडूनही. मी आधी 'अन्वी' हे नाव मनाशी धरले होते. कागदावर ते मला फार आवडे, पण फोनवर प्रत्येक वेळी ते दोनदा सांगावे लागे आणि मैत्रिणीने मागून हाक मारली तरी माझी मान वळत नसे. 'मीरा' या नावाला ती आपोआप वळू लागली, तेव्हा निवड झाली. अनोळखी माणसाला नाव सांगायची वेळ येईल तिथेही चाचणीचे नाव सांगून पाहावे. ते उच्चारताना तुमचा आवाज खाली जातो की सहज निघतो, हे लगेच कळते.

जुन्या नावाचेच आद्याक्षर ठेवावे, असा सल्ला तुम्हाला मिळेल. त्यात सोय आहे, कारण सही आणि आद्याक्षरे तशीच राहतात. तोटा मात्र कमी लोक सांगतात. पहिला उच्चार तोच असला की घरच्यांची जीभ सवयीने जुन्या नावाकडे घसरते आणि चुका अधिक काळ टिकतात. मी तरी वेगळ्या अक्षराचा आग्रह धरीन. तुमच्या वयाच्या लोकांत सहसा आढळणारे नाव घेतले तर त्याबद्दल रोज खुलासा करावा लागत नाही, पण हा आवडीचा प्रश्न आहे. रोमन लिपीतले स्पेलिंग मात्र पहिल्याच दिवशी कायमचे ठरवा. एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरे स्पेलिंग गेले, तर पुढे कागदपत्रे जुळवताना मोठा त्रास होतो.

आता क्रम. तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा इथे आहे, कारण या तिन्ही जागा एकमेकींना जोडलेल्या असतात आणि तुम्ही एका जागी सांगितलेले दुसरीकडे तुमच्या आधी पोहोचू शकते. कॉलेज घरी पत्र पाठवते, सहकारी समाजमाध्यमांवर नव्या नावाने अभिनंदन करतो, चुलत भावाचा मित्र तुमच्याच ऑफिसात असतो. म्हणून कोणालाही सांगताना दोन गोष्टी एकत्र सांगाव्यात : हे नाव कुठे वापरायचे आणि कुठे अजून वापरायचे नाही. "तुझ्याशिवाय हे आणखी कोणाला ठाऊक आहे" तेही सांगावे, म्हणजे समोरच्याला अंदाज बांधत बसावे लागत नाही. घर सोडावे लागण्याची किंवा शिक्षणाचा खर्च थांबण्याची धास्ती असेल, तर घरी सर्वांत शेवटी सांगण्यात काहीही गैर नाही. फक्त त्याआधी कॉलेजशी संपर्काचा पत्ता आणि फोन तुमचा स्वतःचा नोंदवलेला असावा.

सगळीकडे एकदम बदल होत नसेल तर थांबावे का, ही शंका मलाही होती. स्टीफन रसेल आणि सहकाऱ्यांनी 2018 साली 15 ते 21 वयोगटातील 129 पारलिंगी आणि लिंगओळखीच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निवडलेले नाव घर, शाळा, कामाची जागा आणि मित्र या चारपैकी किती ठिकाणी वापरले जाते, हे त्यांनी विचारले होते. आणखी एका ठिकाणी ते वापरले जात असेल, तर आत्महत्येच्या विचारांचे प्रमाण 29 टक्क्यांनी कमी आढळले. अभ्यास लहान आहे आणि तो कारण सिद्ध करत नाही, संबंध दाखवतो. तरीही एकच जागा तयार असेल तर तिथून सुरुवात करण्यासाठी मला तो पुरेसा वाटतो.

घरी सांगताना हे ध्यानात ठेवावे की तुमचे नाव आईवडिलांनी ठेवले होते, त्यामुळे ते बदलणे त्यांना आपल्याला नाकारल्यासारखे वाटू शकते. जो सर्वांत लवकर समजून घेईल अशा एकाला आधी एकट्याने सांगा. दुसऱ्याला सांगताना तो तुमच्या बाजूला बसू शकेल. आमच्याकडे ती व्यक्ती आई होती. बाबांना मी आधी पत्र दिले आणि संध्याकाळी बोलू असे सांगितले, कारण समोरासमोर पहिले वाक्य ऐकताच ते उत्तर देऊ लागतील आणि पुढचे ऐकणार नाहीत, हे मला ठाऊक होते. पत्रात मी माझी घुसमट फार कमी लिहिली. त्यांनी दिलेल्या नावामागच्या प्रेमाबद्दल दोन वाक्ये लिहिली आणि मग स्पष्ट विनंती : मला मीरा म्हणा, माझ्याबद्दल बोलताना 'ती आली, ती गेली' असे म्हणा, आणि काकांना मी स्वतः सांगेपर्यंत त्यांच्याशी बोलू नका. क्रियापदाचा उल्लेख मुद्दाम करावा लागतो. नाहीतर लोक नवे नाव घेतात आणि पुढे 'मीरा आला' म्हणून मोकळे होतात. धाकट्या भावंडांनी दादा म्हणायचे की ताई, हेही त्यांना तुम्हीच सांगा, अंदाज त्यांच्यावर सोडू नका. लाडाचे टोपणनाव लिंगनिरपेक्ष असेल आणि तुम्हाला ते खुपत नसेल, तर ते राहू द्या. आजीआजोबांना त्याचा फार आधार वाटतो.

नावाच्या निवडीत आईवडिलांना सहभागी करून घ्यावे का? तुम्हाला दोन्ही नावे खरोखर मान्य असतील, तरच दोनांतून एक निवडायला द्या. एक मनात पक्के करून दुसरे नावापुरते पुढे केलेत आणि त्यांनी नेमके तेच निवडले, तर गोष्टी पहिल्यापेक्षा बिघडतात. त्याऐवजी मधले नाव किंवा त्यांना आवडणारे एखादे जास्तीचे नाव त्यांच्याकडून घेता येते.

चुका होणारच. चूक झाली की लहानशी दुरुस्ती करावी, "मीरा" एवढेच म्हणावे आणि बोलणे पुढे न्यावे. त्यांनीही लांबलचक माफी मागू नये, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुम्हालाच त्यांची समजूत काढत बसावे लागते. सवयीची चूक आणि नकार यांतला फरक काही आठवड्यांत दिसतो. सवयीने चुकणारा घाईत किंवा जुन्या आठवणी सांगताना चुकतो, मध्येच स्वतःला सुधारतो आणि हळूहळू कमी चुकतो. नाकारणारा एरवी नाव टाळतो आणि भांडणात किंवा पाहुण्यांसमोर जुने नाव ठासून घेतो. पहिल्याला वेळ द्यावा; दुसऱ्याशी वेगळे, थेट बोलावे लागते.

कॉलेजात आणि ऑफिसात अडचण माणसांपेक्षा याद्यांची अधिक असते. कायदेशीर बदल होईपर्यंत तुमची दोन नावे असतील : वापरातले आणि नोंदीतले. कायदेशीर बदलाची पद्धत देशोदेशी वेगळी असल्याने त्यात शिरत नाही. कॉलेजात एका जबाबदार प्राध्यापकाला भेटा आणि हजेरीपटावर वापरातले नाव यावे, अशी विनंती करा. आपल्या ओळखीचे शिक्षक लक्षात ठेवतात. फजिती होते ती बदली शिक्षक छापील यादी वाचू लागतात तेव्हा. परीक्षेचा अर्ज आणि प्रमाणपत्र नोंदीतल्या नावानेच निघते, म्हणून कायदेशीर बदल करणार असाल तर शेवटच्या वर्षाच्या परीक्षा-नोंदणीआधी तो पूर्ण होईल असे बघा. नंतर पदवी प्रमाणपत्रावरचे नाव बदलणे बहुधा जास्त किचकट असते.

ऑफिसात आधी वरिष्ठांना किंवा मनुष्यबळ विभागाला भेटून तारीख ठरवा. पगार, कर, विमा आणि बँक यांतले नाव नोंदीशी जुळलेच पाहिजे, त्याला हात लावू नका. ईमेल, चॅट, बैठकांचे सॉफ्टवेअर, फोनची यादी आणि दाराचे ओळखपत्र यांवर दिसणारे नाव मात्र सहसा आधीही बदलता येते. मी ज्या कंपनीत होते तिथे सोमवारची सकाळ ठरली, कारण शनिवार-रविवारी आयटी विभागाला काम करता आले. ईमेल पत्ता नवा झाला, आणि जुन्या पत्त्यावर आलेली पत्रे नव्याकडे वळवली गेली, म्हणजे ग्राहकांचे काम अडले नाही. तरीही दाराशी कार्ड लावले की तिथल्या छोट्या पडद्यावर जुने नाव झळकत असे, कारण त्या यंत्राची यादी वेगळ्या विभागाकडे होती. यासाठी पहिल्याच दिवशी बाहेरच्या पत्त्यावर स्वतःला एक ईमेल पाठवून पाठवणाऱ्याचे नाव पाहा, एका सहकाऱ्याला बैठकीचे आमंत्रण पाठवून त्याच्या पडद्यावर काय दिसते ते विचारा, आणि सामायिक फाइलींतले लेखकाचे नाव तपासा. सहकाऱ्यांच्या ईमेलमध्ये पत्ता आपोआप सुचतो तिथे जुने नाव काही काळ उरते. ते त्यांच्याच संगणकात साठलेले असल्यामुळे त्यांनाच काढावे लागते.

संघाला पाठवायचा मजकूर छोटा ठेवा. माझा असा होता : "सोमवारपासून माझे नाव मीरा आहे. कृपया बोलताना आणि लिहिताना हेच नाव वापरावे व माझा उल्लेख स्त्रीलिंगी करावा. माझे काम आणि फोन क्रमांक तेच आहेत. चुकून जुने नाव आले तर सुधारून पुढे चला." वैद्यकीय किंवा खासगी तपशील त्यात नको. वरिष्ठांनी त्याखाली स्वतःची एक ओळ जोडली तर बाकीच्यांना ती सूचना अधिकृत वाटते. ग्राहकांना वेगळे पत्र पाठवायची गरज मला वाटली नाही, सहीतले नाव बदलले तेवढे पुरले.

कोणी कुतूहलाने जुने नाव विचारलेच, तर "ते आता वापरात नाही" एवढे उत्तर पुरे. कामासाठी खरोखर लागत असेल, उदाहरणार्थ जुनी फाइल शोधायला, तर ती फाइल तुम्हीच काढून द्या.