होस्टेड चेकआउट की स्वतःचे कार्ड फील्ड?

प्रश्न: कार्डचा फॉर्म स्वतः बनवता येत असताना डेव्हलपर होस्टेड चेकआउट का घेतात? सुरक्षेची जबाबदारी खरंच कमी होते का?

हो, बरीच कमी होते, कारण होस्टेड चेकआउटमध्ये ग्राहक कार्डची माहिती पेमेंट गेटवेच्या, म्हणजे पेमेंट हाताळणाऱ्या कंपनीच्या, पानावर भरतो आणि कार्ड नंबर तुमच्या सर्व्हरपर्यंत येतच नाही. स्वतःच्या फॉर्ममधून नंबर सर्व्हरवर घेतला, की तो कुठे कुठे पोचतो ते बघा: पेमेंट फेल झालं, एरर लॉगमध्ये अख्खी रिक्वेस्ट छापली गेली, तीच लॉग फाइल रात्री बॅकअपमध्ये गेली. त्यात सीव्हीव्हीही असतो, आणि तो तर व्यवहार मंजूर झाल्यावर साठवायलाच मनाई आहे. आता लॉग, बॅकअप आणि ते उघडू शकणारा प्रत्येक जण पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या नियमावलीच्या कक्षेत आला. हे नियम पाळल्याची प्रश्नावली, म्हणजे एसएक्यू, स्वतःच भरायची असते; इथे ती एसएक्यू डी, म्हणजे सगळ्यात लांबलचक. ग्राहकाला गेटवेच्या पानावर पाठवलं तर सहसा छोटा एसएक्यू ए पुरतो. फील्ड तुमच्या पानावर, पण डेटा ब्राउझरमधून थेट गेटवेकडे, असं केलं तर मधला एसएक्यू ए-ईपी. इथेच बरेच जण फसतात.

जबाबदारी शून्य मात्र होत नाही. तुमच्या साइटवर घुसून कोणी पेमेंटची लिंक बदलली, तर ग्राहक नकली पानावर जाईल. म्हणून ती साइट अपडेटेड आणि बंदोबस्तात ठेवणं तुमच्याकडेच राहतं.