डीएचईए-एस कमी आलंय? आधी वय बघा, मग बाटली

प्रश्न : बाबा ७२ वर्षांचे आहेत, तब्येत ठणठणीत. फुल बॉडी चेकअपमध्ये डीएचईए-एस ४८ आलं आणि बाजूला लाल बाण. नेटवर वाचलं की हे अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं हार्मोन. ग्रंथी निकामी होतेय का?

नाही, बाबांना निवांत राहू द्या. किडनीच्या डोक्यावर बसलेल्या या छोट्या ग्रंथीच्या बाहेरच्या भागात तीन थर असतात आणि सगळ्यात आतल्या थरात डीएचईए बनतं, त्याला सल्फेट चिकटलं की ते डीएचईए-एस. विशीत-तिशीच्या सुरुवातीला हे रक्तात सगळ्यात जास्त असतं, मग दरवर्षी थोडंथोडं उतरत जातं आणि सत्तरी-ऐंशीपर्यंत तरुणपणाच्या साधारण दहा ते वीस टक्के उरतं. कारण तो आतला थरच वयानुसार आकसतो. बाकीचे दोन थर मात्र आपलं काम करत राहतात, म्हणजे जीव वाचवणारं कॉर्टिसोल आणि मीठ-पाणी सांभाळणारं अल्डोस्टेरॉन बनत राहतं. म्हणून याला ग्रंथी निकामी होणं म्हणत नाहीत.

आता लाल बाणाचं. बऱ्याच पॅकेजच्या रिपोर्टवर सगळ्या मोठ्या माणसांसाठी मिळून एकच रेंज छापलेली असते, वयानुसार वेगळी नसते, त्यामुळे सत्तरीच्या माणसाची तुलना नकळत पंचविशीच्या पोराशी होते आणि बाण येतो. डेसिलिटरला ४८ मायक्रोग्रॅम म्हणजे ७२ व्या वर्षी चालण्यासारखं. लॅबला फोन करून त्या वयोगटाची रेंज मागा, देतात. एक मात्र बाबांना विचारा, गुडघ्यात इंजेक्शन, दम्याचा पंप, सांधेदुखीची गोळी असं काही स्टेरॉइडवालं चालू आहे का. ते का विचारायचं ते शेवटच्या प्रश्नात येईल. असं काही नसेल आणि माणूस बरा असेल तर ही टेस्ट परत करायची गरज नाही. खरं सांगायचं तर आधीही नव्हती.

प्रश्न : माझं वय ६६. मुलगी न्यू जर्सीहून डीएचईए ५० मिलिग्रॅमची बाटली घेऊन आली, म्हणते तिकडे दुकानात सहज मिळतं, एनर्जी येते, म्हातारपण लांबतं. घेऊ का?

मी तरी नाही म्हणेन, आणि का ते जरा सविस्तर सांगतो. दुकानात सहज मिळतं हे खरंच आहे, पण त्यामागे औषध सिद्ध झालं असं काही नाही. अमेरिकेच्या एफडीएने १९८५ मध्ये याची बिनाचिठ्ठी विक्री थांबवली होती, मग १९९४ च्या सप्लिमेंट कायद्यामुळे ते पुन्हा शेल्फवर आलं. सप्लिमेंट म्हणून विकायला परिणाम सिद्ध करावा लागत नाही. १९९८ मध्ये तिथल्या बाजारातली १६ उत्पादनं तपासली तर कुणात लेबलवर लिहिलेल्याच्या दीडपट माल, कुणात शून्य.

एनर्जीवाली आशा आली कुठून? १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात दिसलं की ज्या वयस्कर पुरुषांचं डीएचईए-एस कमी, ते हृदयविकाराने जास्त दगावले. सगळ्यांना वाटलं की भर घातली की झालं. पण आजारी माणसातही हे हार्मोन खाली जातं, म्हणजे कमी असणं हे कारण नसून नुसती खूण असू शकते. त्याचा निकाल लावायचा तर भर घालूनच बघावं लागतं.

तसं बघितलंही. फ्रान्समध्ये एतिएन-एमिल बोलिये यांच्या टीमने ६० ते ७९ वयाच्या २८० जणांवर वर्षभर रोज ५० मिलिग्रॅम विरुद्ध खोटी गोळी असा प्रयोग केला, निकाल २००० मध्ये आला. सत्तरीपुढच्या बायकांमध्ये त्वचा, कामेच्छा आणि हाडांच्या काही मोजमापांत थोडा फरक दिसला, बाकी फार काही नाही. मग २००६ मध्ये मेयो क्लिनिकच्या श्रीकुमारन नायर यांच्या टीमचा दोन वर्षांचा प्रयोग छापून आला, पुरुषांना ७५ आणि बायकांना ५० मिलिग्रॅम. रक्तातलं डीएचईए-एस तरुणांसारखं वर गेलं, म्हणजे गोळी अंगात नीट पोचत होती, आणि तरीही ताकद, चरबी, स्नायू, इन्सुलिनचं काम, जगण्याची गुणवत्ता यात काहीच सुधारणा नाही. हाडाच्या घनतेत कुठेकुठे किंचित वाढ, पण ती इतकी लहान की ऑस्टिओपोरोसिसच्या चालू औषधांपुढे टिकत नाही. मला हा प्रयोग सगळ्यात बोलका वाटतो, कारण आकडा दुरुस्त झाला आणि माणूस होता तसाच राहिला.

आणि फुकट काही येत नाही. बायकांच्या शरीरात याचं बरंचसं टेस्टोस्टेरॉन होतं, मग तेलकट चेहरा, पिंपल्स, हनुवटीवर केस, चांगलं कोलेस्टेरॉल थोडं कमी. इस्ट्रोजेनही बनतं, त्यामुळे ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला असेल तर बाटलीला हातच लावायचा नाही, आणि घरातल्या पुरुषाला प्रोस्टेटचा कॅन्सर असेल तर त्यानेही नाही. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणामुळे संबंधाच्या वेळी दुखत असेल तर ६.५ मिलिग्रॅमची आतून ठेवायची डीएचईएची गोळी अमेरिकेत २०१६ पासून मान्य आहे, पण तो जागेवरचा इलाज आहे, तिचा एनर्जीशी संबंध नाही.

प्रश्न : मग वाइल्ड याम नावाचं कंदाचं कॅप्सूल? ते नैसर्गिक डीएचईए म्हणून विकतात.

त्या कंदातल्या डायोसजेनिनपासून कारखान्यात हार्मोन बनवता येतं, आपल्या पोटात येत नाही. पैसे वाचवा.

प्रश्न : आई ६८ वर्षांची. गुडघेदुखीसाठी दोन वर्षं एका ठिकाणाहून पुड्या घेते, खूप फरक पडला. आता चेहरा गोल सुजलाय, कातडीवर निळे डाग, पुडी दोन दिवस चुकली की अंग गळून जातं, मळमळतं. डीएचईए-एस अगदी तळाला आलं. सप्लिमेंट सुरू करू?

थांबा, इथे सप्लिमेंटचा विषयच नाही. आईच्या पुडीत न सांगता स्टेरॉइड मिसळलं असण्याची दाट शक्यता आहे, पटकन फरक पडणाऱ्या पुड्यांमध्ये हे सापडतं. बाहेरून स्टेरॉइड येत राहिलं की मेंदूकडून ग्रंथीला जाणारा एसीटीएच हा निरोप थांबतो, ग्रंथी झोपते, आणि सगळ्यात आधी खाली जातं ते डीएचईए-एस. म्हणजे इथला आकडा वयाचा नाही, झोपलेल्या ग्रंथीचा आहे, आणि कॉर्टिसोलही कमी असणार.

पुडी एकदम बंद करू नका. उरलेल्या पुड्या घेऊन एंडोक्रायनॉलॉजिस्ट किंवा एमडी मेडिसिनकडे जा. ते बहुधा पुडीच्या जागी माहीत असलेल्या डोसचं प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन देतील, कारण पुडीत किती आहे कुणालाच ठाऊक नसतं, आणि मग हळूहळू कमी करतील. मधे सकाळी आठच्या सुमारास, त्या दिवशीचा डोस घ्यायच्या आधी, कॉर्टिसोल मोजतात. ढोबळपणे १० मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर ग्रंथी जागी झाली, ५ च्या खाली असेल तर अजून झोपलीय, औषध चालू ठेवून काही महिन्यांनी परत बघायचं. याला वर्षभरही लागू शकतं. डीएचईए-एस तर त्यानंतरही बरेच महिने खालीच राहतं, त्याच्या मागे लागू नका. या काळात ताप, उलट्या, जुलाब झाले किंवा ऑपरेशन असेल तर डोस वाढवावा लागतो, आणि उलट्या थांबत नाहीत, बीपी पडतंय, आई गुंगीत आहे असं झालं तर थेट इमर्जन्सीत नेऊन "दोन वर्षं स्टेरॉइड चालू होतं" हे पहिलं वाक्य बोला, म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन लगेच मिळेल.

तोंडाने घ्यायच्या डीएचईएला खरी जागा आहे ती इथेच जवळपास, म्हणजे ज्या बाईची ग्रंथी कायमची बंद आहे, बाकीची औषधं नीट बसलीत आणि तरी मन उदास, कामेच्छा नाही, थकवा जात नाही, तिला डॉक्टर रोज २५ ते ५० मिलिग्रॅम सहा महिने देऊन बघतात आणि फरक नसेल तर बंद करतात. तुमच्या आईसाठी तो प्रश्न आज तरी येत नाही, आज फक्त सकाळचं कॉर्टिसोल आणि ती पुडी.