पाचशेची सूट आणि हप्त्याचं पत्र

प्रश्न: करवीर तालुक्यात आयुर्विम्याचा एजंट आहे. ग्राहक बहुतेक ऊसवाले, कारखान्याचं बिल लांबलं की हप्ताही लांबतो. एकाचा २४,००० रुपयांचा पाचवा वार्षिक हप्ता १५ डिसेंबरला आहे, त्यावर मला बाराशे कमिशन. ‘वेळेत भरा, भरघोस बोनस नक्की, नाहीतर सगळे पैसे बुडतील’ असं पत्र पाठवून कमिशनमधले पाचशे त्याला सोडावेत म्हणतोय. परवडेल का?

उत्तर: पाचशे सोडायचा विचार आजच सोडा. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ नुसार पॉलिसी घ्यायला किंवा चालू ठेवायला कमिशनातून सूट देणं हा गुन्हा आहे आणि दंड दहा लाखांपर्यंत जातो. सूट घेणारा ग्राहकही त्यात येतो.

आता पत्र. ‘बोनस नक्की’ म्हणता येत नाही. जाहीर होऊन खात्यात जमा झालेला बोनस ग्राहकाचा, पुढचा मात्र कंपनी दरवर्षी ठरवते. ‘सगळे पैसे बुडतील’ हे तर खोटंच. या पॉलिसीची विमा रक्कम ४ लाख आणि मुदत १६ वर्षं धरू. चार हप्ते भरून झालेत, म्हणजे साधारणपणे ती पेड-अप होईल: सोळातले चार, म्हणून विमा रक्कम १ लाखावर येईल, अधिक आधी जमा झालेला बोनस. खरं नुकसान हे आहे, की घरच्यांचं ४ लाखांचं संरक्षण १ लाखावर येतं. तेच लिहा, भीती घालायची गरजच उरत नाही. कर वाचतो असंही सरसकट लिहू नका. नव्या करप्रणालीत हप्त्यावर वजावट नाही. आणि जुना नमुना वापरत असाल तर त्यातली जीएसटीची ओळ काढा, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर तो नाही.

मी असं लिहीन:

‘स.न.वि.वि. आपल्या पॉलिसीचा २४,००० रुपयांचा वार्षिक हप्ता १५ डिसेंबरला देय आहे. त्यानंतर ३० दिवसांची सवलत, म्हणजे १४ जानेवारीपर्यंत, आहे. या काळात विमासंरक्षण चालू राहते. तोपर्यंत हप्ता न भरल्यास पॉलिसी पेड-अप होऊन संरक्षण कमी होईल; नेमकी रक्कम शाखेतून कळवू. पुढील बोनसची हमी नाही. हप्ता कंपनीच्या शाखेत किंवा ऑनलाइन भरून पावती घ्यावी.’

ऊसवाल्याला यातली १४ जानेवारी सगळ्यात कामाची, म्हणून ती ठळक छापा. बिल त्याच्याही पुढे जाणार असेल तर पुढच्या वर्षापासून हप्ता सहामाही करता येतो का, ते शाखेत विचारा.

मजकूर छापण्याआधी कंपनीची लेखी मंजुरी घ्या. नुसती तारीख कळवणं वेगळं, पण पॉलिसी चालू ठेवा असा आग्रह आला की पत्र जाहिरातीच्या नियमांत जाऊ शकतं. बऱ्याच कंपन्यांकडे तयार नमुना असतो. तो मिळाला तर तोच वापरा.