पानीबिनीतल्या ‘बि’मागे काय आहे?

*प्रश्न: उदगीरकडच्या एका गावातली कथा इंग्रजीत आणते आहे. त्यात आत्या भाच्याला म्हणते, “पानीबिनी पी आधी. लई उशीर केलास, गाडीबिडी बंद पडली का? अन् पैसेबिसे काई नगं मला, तू आलास तेच लई झालं.” तिन्ही ठिकाणी ‘अँड स्टफ’ लिहिलं, तर आत्या अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरीसारखी बोलायला लागली. हा सैलपणा इंग्रजीत कसा आणायचा?*

अडचण ‘अँड स्टफ’मध्ये आहेच, पण त्याहून जास्त ती तिन्ही ‘बि’ सारखे धरण्यात आहे. शाळेच्या व्याकरणात हे सगळे अभ्यस्त शब्दांत एकत्र बसतात आणि घडणही एकच असते: शब्दाचा पहिला स्वर, त्याआधी व्यंजन असेल तर त्यासकट, काढायचा आणि तिथे ‘बि’ ठेवायचा. पाणीबिणी, पुस्तकबिस्तक, आजारीबिजारी, डॉक्टरबिक्टर. परका शब्द आला तरी नियम अडत नाही. फक्त ‘बिस्कीट’सारखा मुळातच ‘बि’ने सुरू होणारा शब्द आला की पंचाईत होते, कारण प्रतिध्वनी मूळ शब्दासारखाच निघतो. मग माणूस ‘बिस्कीट वगैरे’ म्हणून मोकळा होतो.

घडण एक असली तरी काम एक नसतं. म्हणून भाषांतराला बसण्याआधी प्रत्येक ‘बि’ला एक प्रश्न विचारावा: तुझ्यामागे काय आहे? मूळ शब्दाशेजारी दुसरी कोणती गोष्ट ठेवता येते ते पाहायचं. तुमच्या तीन वाक्यांना हा प्रश्न विचारला की तीन वेगळी उत्तरं येतात.

‘पानीबिनी’मागे खऱ्या वस्तू आहेत. उन्हातून आलेल्या माणसापुढे पाण्याबरोबर गुळाचा खडा येईल, ताक येईल, मागून चहाही येईल. आत्याने हे सगळं न मोजता एका शब्दात पुढे केलं. ती नुसतं ‘पानी पी आधी’ म्हणाली असती तर ती सूचना झाली असती. ‘पानीबिनी’ने त्या सूचनेची धार गेली आणि पाहुण्यावरचं ओझंही गेलं: काय घ्यायचं, किती घ्यायचं, ते तू ठरव. इंग्रजीत आग्रहाच्या वाक्यात हा मोकळेपणा शेपटी जोडून येत नाही, वाक्य आखूड आणि घरगुती केल्याने येतो. ‘सिट डाउन, हॅव सम वॉटर फर्स्ट’ एवढं पुरे. ‘सम’ न मोजण्याचं काम करतो आणि ‘सिट डाउन’ आदरातिथ्याचं. गूळ किंवा ताक पुढच्या ओळीत निवेदनात येणार असेल तर इथे आणखी काही जोडूच नका.

‘गाडीबिडी बंद पडली का’ हे मला तिन्हींत सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण इथे भाषांतरकार हमखास फसतो. ‘बि’ चिकटलाय गाडीला, पण त्याच्यामागे जीप नाही, रिक्षाही नाही. आत्याला एवढंच विचारायचं आहे की गाडी बंद पडली, टायर फुटलं, रस्ता अडला, असं काही झालं का. प्रतिध्वनी नामावर आहे आणि अर्थ सगळ्या घटनेवर पसरला आहे. ‘पाऊसबिऊस आला तर’ किंवा ‘पडलाबिडला तर’ ही त्याच जातीची वाक्यं. इंग्रजीत ही शेपटी नामापासून सोडवून वाक्याच्या टोकाला न्यावी लागते: ‘डिड द बस ब्रेक डाउन ऑर समथिंग?’ तीच ‘द बस ऑर समथिंग’ अशी नामाला बांधली तर वाचक दुसऱ्या वाहनाचा विचार करत बसतो. शिवाय ‘समथिंग’ आणि ‘एनिथिंग’ यांत फरक ठेवा. आत्याला उशीर दिसतो आहे, तिचा अंदाज झाला आहे, म्हणून ‘समथिंग’. ‘कुनी आजारीबिजारी न्हाई ना?’ असं ती विचारते तेव्हा उत्तर ‘नाही’ यावं अशी तिची इच्छा असते, तिथे ‘एनिथिंग’ हवं: ‘नोबडीज सिक ऑर एनिथिंग?’

‘पैसेबिसे’मागे काहीच नाही. पैशांशेजारी ठेवायला दुसरी वस्तू सापडत नाही, कारण इथे ‘बि’ पैशांनाच झटकून टाकतो. ‘मला भीतीबिती वाटत नाही’, ‘सॉरीबिरी म्हणू नको’ यांतही तेच. ही झटकण्याची रीत अमेरिकन इंग्रजीत यिडिश भाषेतून आली आहे, ‘मनी-श्मनी’ अशी. मोह होईल, पण टाळा. त्या ‘श्म’बरोबर न्यूयॉर्कचं ज्यू घर येतं आणि उदगीरची आत्या नाहीशी होते. क्रियापदाकडून काम करून घ्या: ‘अँड डोन्ट यू टॉक टू मी अबाउट मनी.’ त्यातल्या ‘यू’वर जो जोर येतो, तो ‘बिसे’च्या जागी उभा राहतो.

काही जण इंग्रजीतच प्रतिध्वनी काढून पाहतात. ‘वॉटर’चं आपल्या नियमाने ‘बिटर’ होतं आणि वाचकाला पाणी कडू लागतं. ‘पेन’चं ‘बिन’ होतं, म्हणजे कचऱ्याचा डबा. आपला ‘बिणी’ निरर्थक आहे म्हणूनच हलका आहे, इंग्रजीत तो हलकेपणा अपघातानेच साधेल.

याउलट मूळ रूप रोमन लिपीत तसंच ठेवायचं असेल तर संबंध कथेत एकदाच, आणि वर पाहिलेल्या पहिल्या जातीचं. हातात तांब्या असताना कुणी ‘पानीबिनी’ म्हटलं तर वाचक तळटीपेशिवाय समजतो. ‘गाडीबिडी’ तसं ठेवलं तर मात्र तो हमखास चुकेल.

तुमचं गाव कर्नाटक आणि तेलंगणाच्या सीमेजवळचं आहे म्हणून एक जाता जाता. कन्नडमध्ये पुस्तक-गिस्तक म्हणतात, तेलुगूत नीळ्ळु-गीळ्ळु. तिकडे ‘गि’ किंवा ‘गी’, आपल्याकडे ‘बि’. गुजरातीत पाणी-बाणी, म्हणजे ब आहे पण स्वर मूळचाच. भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी 1956 साली भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, म्हणजे इथल्या वेगवेगळ्या कुळांतल्या भाषांनी शेजारामुळे सारख्या लकबी उचलल्या आहेत, असं मांडताना प्रतिध्वनी शब्दांचा दाखला दिला होता. कथेत कुणी कानडी किंवा तेलुगू बोलणारं पात्र असेल, तर त्याच्या तोंडचा ‘गि’ आणि आत्याचा ‘बि’ यांना इंग्रजीत एकाच पद्धतीने हाताळायला हरकत नाही.

आणि ‘चहापाणी’, ‘पैसाअडका’, ‘सोयरेधायरे’ यांना या पद्धतीत ओढू नका. ते जोडशब्द ठरलेले आहेत, त्यांचे अर्थही ठरलेले आहेत. आत्या ‘चहाबिहा घे’ म्हणते तो आग्रह; कचेरीत कुणी ‘चहापाण्याचं बघा’ म्हणतो तेव्हा तो पैसे मागत असतो, आणि तिथे ‘टी’ हा शब्द भाषांतरात येऊनही उपयोग नाही.