वॉरंटी कार्डाची अरबी: दावा, रद्द आणि नक्कल यांपासून सावध

'मस्कतला भावाच्या दुकानात आपल्याकडचे मिक्सर विकायला ठेवलेत. त्यांच्या इंग्रजी वॉरंटी कार्डाचा फोटो पाठवलाय, त्याचं अरबी करायचंय. वॉरंटीला दमान म्हणू की कफाला? आणि वॉरंटी व्हॉइड होते, क्लेम करायचा, याला काय लिहू? आपल्या दावा, रद्द वगैरे अरबी शब्दांनी भागेल ना?'

ओमानसाठी दमान लिहा. आपला 'जामीन' याच धातूतला आहे. अरबी 'द'चा फारसी तोंडात 'झ' झाला आणि तो आपल्याकडे 'ज' होऊन आला. वस्तूच्या हमीला कफाला म्हणणारे अरबही आहेत, शाम म्हणजे सीरिया, लेबनॉन, जॉर्डनच्या भागात आणि कुवेतमध्ये ते सर्रास चालतं. पण आखातातल्या कामगाराला कफाला म्हटलं की आधी कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक आठवतो. मिक्सरच्या कार्डावर तो कशाला आणा?

आता फोटो. 'मोटर ५ वर्षे' या ओळीत पाचाच्या डोक्यावर एक चांदणी दिसते. तिची तळटीप कार्डाच्या खालच्या कडेला असणार, आणि नेमकी तीच कड फोटोत कापली गेलीय. पाच वर्षं फक्त सुट्या भागाची, मजुरी वेगळी, असं काहीसं तिथे असू शकतं. तेव्हा त्या कडेचा दुसरा फोटो मागवा, अंदाजाने भरू नका. मुदतीची ओळ मात्र सोपी आहे, कारण ती निम्मी आपलीच: 'मुद्दतुद्दमान: खम्स सनवात लिल्‌मुहर्रिक, व सनतान लिबकिय्यतिल अज्झा, मिन तारीखिश्शिरा.' मुदत, बाकी, तारीख हे सगळे शब्द आपल्या ओळखीचे. 'सनतान' हे द्विवचन आहे, त्यातच 'दोन' आले. पुढे वेगळा आकडा लिहायची गरज नाही.

वगळलेल्या गोष्टींसाठी 'ला यश्मलुद्दमान' म्हणजे 'हमीत सामील नाही'. आपला सामील इथलाच. कार्डावर पाती, कपलर आणि कार्बन ब्रश अशी तीनच नावं आहेत, पुढे 'इत्यादी' नाही. अरबी कागदपत्रांत अशा यादीला 'अला सबीलिल मिसाल ला अल्‌हस्र' ही शेपटी जोडायची फार सवय असते. तिचा अर्थ 'उदाहरणादाखल, एवढंच नव्हे'. ऐकायला ती भारदस्त वाटते, पण इथे जोडलीत तर तीन नावांची बंद यादी उघडी होते. मग उद्या जारचं झाकणही 'त्यातच आलं' म्हणता येईल आणि गिऱ्हाइकाचा हक्क तुमच्या लेखणीने कमी होईल. मुळात 'इत्यादी' असतं, तर मात्र ही शेपटी हवीच.

'व्हॉइड'साठी रद्द लिहू नका. अरबीत 'रद्द' म्हणजे परत करणं किंवा उत्तर देणं, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटेल की काहीतरी परत मिळणार आहे. 'बातिल'ही बरोबर नाही. कायद्याच्या भाषेत जे मुळापासूनच अवैध ते बातिल, आणि ही हमी तर मिक्सर उघडेपर्यंत धडधाकट होती. इथे हक्क गळून पडतो, म्हणून 'यस्कुतुल हक्क फिद्दमान इझा फतहल जिहाझ शख्स गैर मुअतमद': अधिकृत नसलेल्या माणसाने यंत्र उघडलं तर हमीचा हक्क जातो.

क्लेमसाठी दावाही नको. अरबीत दावा म्हणजे कोर्टातला खटला. 'दुकानात दावा घेऊन या' असं छापलंत तर गिऱ्हाईक वकील शोधेल! इथे 'मुतालबा' हवा. आपली तलब आणि मतलब त्याच कुळातले. कार्डावर मूळ पावती दाखवणं सक्तीचं आहे, तर वाक्याची सुरुवात 'यजिब' ने करा: 'यजिब इब्राझ अस्ल फातूरतिश्शिरा मअ बिताकतिद्दमान.' बरेच जण सौजन्य म्हणून 'युर्जा' (कृपया) लिहितात. मग सक्तीची विनंती होते, आणि पावती नसलेल्या गिऱ्हाइकाशी वाद सुरू होतो. गंमत म्हणजे याच धातूचा वाजिब आपल्याकडे येऊन 'वाजवी' झाला. तिकडे त्याचा अर्थ अजूनही 'बंधनकारक' असाच आहे.

शेवटच्या ओळीत 'पावतीची प्रत चालणार नाही' असंही आहे. तिथे 'नक्कल'च्या आठवणीने 'नक्ल' लिहाल, तर सांभाळा. अरबीत नक्ल म्हणजे वाहतूक, आणि वॉरंटीच्या कागदांत तो शब्द 'वाहतूक खर्च' म्हणून नेहमी येतो. प्रतीला 'सूरा' म्हणतात: 'ला तुक्बल सूरतुल फातूरा'. मॉडेल आणि अनुक्रमांक मात्र जसेच्या तसे रोमन अक्षरांत ठेवा. मधली आडवी रेघ उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या ओळीत जागा बदलू शकते, म्हणून छापायच्या आधी पडद्यावरचा क्रमांक मिक्सरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीशी एकेक अक्षर ताडून बघा.