बिलांवरून माणसं ठरवू नका

प्रश्न: आमच्या कपड्यांच्या दुकानात दर तासाला किती माणसं ठेवायची हे येणाऱ्या गिऱ्हाइकांवरून कसं काढतात? बिलिंगच्या कॉम्प्युटरमध्ये तासवार बिलांचे आकडे आहेत, तेवढ्यावर भागेल का?

उत्तर: नाही भागणार. जरा चिडूनच लिहितोय, कारण याच आकड्यांवरून माझं एका मालकांशी वर्षभर वाजत होतं.

मी तेव्हा एका कपड्यांच्या दुकानात फ्लोअर सांभाळायचो. बिलिंगचे काउंटर दोन. शनिवारचा रिपोर्ट काढला की संध्याकाळी ६ ते ७ मध्ये २९ बिलं, ७ ते ८ मध्ये ३०, ८ ते ९ मध्ये पुन्हा २९. मालक म्हणायचे, "बघ, तिन्ही तास गर्दी सारखीच आहे आणि दोघं ती निभावतायत. तिसरा कशाला?" मला मात्र रोज दिसायचं ते निराळंच. पावणेसातला रांग ट्रायल रूमच्या दाराला टेकलेली असायची, आणि रात्री आवराआवर करताना काउंटरशेजारच्या रॅकवर दहा-बारा कपडे नुसते टाकलेले सापडायचे. घालून बघितलेले, पसंत पडलेले, आणि रांगेत कंटाळून तिथेच सोडलेले.

शेवटी दोन शनिवार दारावरच्या वॉचमनच्या हातात माणसं मोजायचं बटण दिलं. दोन्ही शनिवारी आकडे जवळजवळ तेच आले: ६ ते ७ मध्ये १४०, ७ ते ८ मध्ये ९०, ८ ते ९ मध्ये ६०. म्हणजे गर्दी सारखी नव्हतीच. मग घड्याळ लावून बघितलं, तर एका बिलाला चार मिनिटं जात होती. स्कॅन करायचं, टॅग काढायचा, घडी घालायची, पैसे घ्यायचे, पिशवी द्यायची. एका काउंटरवर तासाला १५ बिलं, दोघांवर ३०. कॉम्प्युटर आम्हाला गर्दी म्हणून आमच्याच काउंटरची कमाल मर्यादा दाखवत होता! तुमच्या रिपोर्टमध्येही बिलांचा आकडा लागोपाठ दोन-तीन तास एकाच जागी चिकटलेला दिसला, तर आधी हाच संशय घ्या.

आता हिशेब. दुपारी रांग नसताना आमच्याकडे १०० माणसं आली की ३५ च्या आसपास बिलं व्हायची. हे प्रमाण निवांत तासांवरूनच काढायचं, गर्दीच्या तासात ते रांगेमुळे पडलेलं असतं. त्या हिशेबाने १४० माणसांची ४९ बिलं व्हायला हवी होती, झाली २९. ४९ बिलं गुणिले ४ मिनिटं म्हणजे १९६ मिनिटांचं काम. ६० ने भागलं की सव्वातीन माणसं. तीन ठेवली तर तासभर रांग वाढतच जाणार, म्हणून चार. चौथा थोडा रिकामा राहील, तर राहू द्या. माणसं ओळीने एकेक करून येत नाहीत, घोळक्याने येतात, आणि तो घोळका त्या रिकाम्या वेळातच जिरतो. हे मालकांना कधीच पटलं नाही. त्यांना हात रिकामा दिसला की पगार फुकट गेल्यासारखं वाटायचं.

आणखी एक. दारातून आत आलेला माणूस आमच्याकडे अर्ध्या तासाने काउंटरवर पोचायचा. म्हणजे दारावरचा ६ ते ७ चा लोंढा काउंटरवर साडेसहा ते साडेसात. बिलिंगवाल्याला चहाला नेमकं साडेसहाला सोडायची आमच्याकडे पद्धत होती. का, ते विचारू नका.

फ्लोअरवरच्या माणसांचंही गणित असंच, फक्त तिथे डोकी मोजू नका, घोळके मोजा. चौघं मिळून एक शर्ट बघायला आले तर त्यांना एकच सेल्समन लागतो.

तुमचं दुकान लहान असेल, तासाला दहा-पंधराच माणसं येत असतील, तर हा खटाटोप सोडा. तिथे एक काउंटरवर आणि एक फ्लोअरवर, एवढी किमान माणसं लागतातच. माझी चार मिनिटं आणि ३५ टक्केही उचलू नका, तुमचे तुम्ही मोजा. त्याच वाराचे चार-पाच आठवडे घ्या, सेलचा आठवडा वगळा. दारावर सेन्सर असेल तर तो स्टाफची ये-जाही मोजतो, ती वजा करा. आणि एका तासासाठी कुणी कामाला येत नाही, त्यामुळे चौथा माणूस शेवटी चार तासांच्या शिफ्टचाच मिळेल. हे मालकांचं म्हणणं तेवढं खरं होतं.

आम्हाला चौथा मिळालाच नाही. भांडून तिसरा काउंटर तेवढा उघडला. पुढच्या शनिवारी ६ ते ७ मध्ये ४३ बिलं झाली. मालकांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, "हल्ली गर्दी वाढलीय रे." वॉचमनच्या वहीत त्या तासाला १३८ लिहिलेले होते.