वहिनीच्या केसमध्ये नाव असताना पासपोर्ट मिळेल का?

«मी साताऱ्याची, नर्स आहे. जर्मनीतल्या हॉस्पिटलची ऑफर आलीय. पासपोर्टची मुदत संपत आलीय आणि वहिनीने केलेल्या ४९८-अ च्या तक्रारीत नणंद म्हणून माझंही नाव आहे. पासपोर्ट ऑफिस नूतनीकरण नाकारेल का? आणि तिकडे गेल्यावर पासपोर्ट काढून घेऊ शकतात का?»

ताई, आधी एक गोष्ट वकिलाकडून पक्की करून घ्या. केस पोलीस ठाण्यातच आहे, की दोषारोपपत्र दाखल होऊन न्यायालयाने त्याची दखल घेतली आहे? पुढचं सगळं यावर ठरतं. पासपोर्ट कायदा १९६७ मधल्या कलम ६(२)(फ) प्रमाणे अर्जदाराविरुद्ध फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. नुसता एफआयआर म्हणजे न्यायालयातला खटला नव्हे. परराष्ट्र मंत्रालयाने ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकातही हे मान्य केलंय. तरीही पोलीस पडताळणीत हवालदार प्रतिकूल शेरा मारतो आणि अर्ज अडकतो. ई-कोर्ट्सच्या साइटवर नावाने शोधलं तर खटल्याचा क्रमांक पडलाय का ते दिसतं.

अर्जातला फौजदारी कारवाईबद्दलचा प्रश्न शब्दन् शब्द वाचा आणि विचारलंय तेवढ्याचं खरं उत्तर द्या. खटला चालू असताना «नाही» लिहिलंत तर माहिती दडवली म्हणून कलम १२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय त्याच कारणावरून मिळालेला पासपोर्टही रद्द करता येतो.

खटला उभा राहिला असेल तरी वाट बंद होत नाही. केंद्र सरकारची २५ ऑगस्ट १९९३ ची अधिसूचना आहे, जीएसआर ५७०(ई). खटला ज्या न्यायालयात चालू आहे, त्याने परदेशी जायला परवानगी दिली आणि न्यायालय बोलावील तेव्हा हजर राहण्याचं हमीपत्र तुम्ही दिलंत, तर ते नकाराचं कलम तुम्हाला लागू होत नाही. घोळ होतो तो मुदतीचा. न्यायालयाने आदेशात मुदत लिहिली असेल तर तेवढ्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो. काहीच लिहिलं नसेल तर फक्त एक वर्षाचा.

आमच्या इथे जर्मनीत एक मराठी जोडपं आहे. नवऱ्यावर जमिनीच्या भांडणातून झालेला खटला होता. मॅजिस्ट्रेटने «परदेशी जाण्यास परवानगी आहे» एवढंच लिहिलं आणि हातात एक वर्षाचा पासपोर्ट पडला. जर्मनीत निवास परवान्याची मुदत साधारणपणे पासपोर्टच्या मुदतीपुढे जात नाही, त्यामुळे त्याचा परवानाही तोकडा निघाला. मग पुन्हा गावाकडच्या वकिलाला फोन, पुन्हा अर्ज, पुन्हा इथल्या परदेशी नागरिक कार्यालयाची तारीख. म्हणून तुमच्या वकिलाला अर्जाच्या विनंतीतच «दहा वर्षांच्या मुदतीच्या पासपोर्टसाठी परवानगी» आणि नोकरीच्या कराराचा कालावधी, दोन्ही स्पष्ट मागायला सांगा. सोबत नोकरीचं पत्र जोडा. आधी अटकपूर्व जामीन घेतला असेल तर तो आदेशही काढून वाचा. «परवानगीशिवाय देश सोडू नये» अशी अट त्यात असू शकते आणि ती बदलून घेतल्याशिवाय नवा पासपोर्ट असूनही उपयोग नाही.

आता पासपोर्ट ऑफिसने अडवलं तर. खिडकीवर कोणी «होणार नाही» म्हणालं, तर तो आदेश नव्हे. नकार द्यायचा तर कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यावर त्याची प्रत द्यावी लागते. देशाची सुरक्षितता, परराष्ट्र संबंध किंवा सर्वसाधारण जनहित अशा कारणांसाठीच प्रत रोखता येते. तुमच्या बाबतीत यातलं काही बसत नाही. तेव्हा पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाकडे अर्ज क्रमांक घालून लेखी मागणी करा. हातात कलमासह लेखी नकार असला की ३० दिवसांत कलम ११ खाली अपील करता येतं, नाहीतर मुंबई उच्च न्यायालयात रिट.

हे जनहिताचं कारण किती सैल वापरता येतं, ते मेनका गांधींच्या प्रकरणात दिसलं. ४ जुलै १९७७ ला त्यांना पत्र मिळालं: सार्वजनिक हितासाठी पासपोर्ट ताब्यात घ्यायचं ठरलंय, सात दिवसांत जमा करा. त्यांनी कारणांची प्रत मागितली. उत्तर आलं की जनहितासाठीच कारणं देता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर सरकारने शपथपत्रात सांगितलं, की चौकशी आयोगापुढे त्यांची गरज लागण्याची शक्यता होती. एवढं साधं कारण लपवण्यासारखं काय होतं, हे मला आजही कळत नाही. २५ जानेवारी १९७८ ला सात न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. परदेशी जाण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्यात येतो हे न्यायालयाने १९६७ मध्येच म्हटलं होतं. इथे त्यात भर पडली, की तो हक्क हिरावणारी पद्धत न्याय्य आणि वाजवी हवी. कायद्यात सुनावणीचा शब्द नसला तरी बाजू ऐकावीच लागते. आधी ऐकलं तर माणूस निसटेल अशी भीती असेल, तर जप्तीनंतर लगेच ऐका, पण ऐका.

हे ध्यानात ठेवून त्या निकालाची मर्यादाही बघा. मेनका गांधींना पासपोर्ट त्या दिवशी परत मिळाला नाही. सरकारने सुनावणीची तयारी दाखवल्यावर न्यायालयाने प्रकरण तिथेच सोडलं. म्हणजे पद्धत चुकली हे सिद्ध झालं, की बहुतेक वेळा नव्याने सुनावणीचा आदेश मिळतो. जर्मनीतली रुजू होण्याची तारीख तेवढं थांबत नाही, म्हणून अपिलावर विसंबण्यापेक्षा न्यायालयाची परवानगी आधी काढलेली बरी.

पोलिसांनी घरी येऊन पासपोर्ट नेला तर काय, याचं उत्तर २००८ च्या सुरेश नंदा प्रकरणात आहे. सीबीआयने झडतीत त्यांचा पासपोर्ट उचलला आणि ठेवून घेतला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की तपासात पोलीस तो जप्त करू शकतात, पण अडकवून ठेवण्याचा अधिकार पासपोर्ट अधिकाऱ्याचाच. पोलिसांनी तो त्यांच्याकडे पाठवावा आणि त्यांनी धारकाला ऐकून ठरवावं. तेव्हा कोणी पासपोर्ट मागितला तर जप्तीच्या पंचनाम्याची प्रत सोडू नका.

तिकडे गेल्यावरही कलम १०(३) लागू असतंच. खटला प्रलंबित झाला किंवा समन्स, वॉरंट निघालं तर पासपोर्ट ताब्यात घेता येतो किंवा रद्द करता येतो. तातडीच्या प्रकरणात कलम १०-अ खाली आधी न ऐकता चार आठवडे निलंबन होऊ शकतं, मात्र आठ आठवड्यांच्या आत सुनावणी द्यावी लागते. २०१८ मध्ये नीरव मोदीचा पासपोर्ट असाच आधी निलंबित केला होता आणि उत्तराला आठवड्याची मुदत दिली होती.

साध्या माणसाचं इथे चुकतं ते पत्त्यात. कारणे दाखवा नोटीस पासपोर्टवरच्या पत्त्यावर, म्हणजे साताऱ्याच्या घरी जाते. घरच्यांनी ती कपाटात ठेवली की तुमचं म्हणणं न ऐकताच आदेश निघतो, आणि «संधी दिली होती» हे कागदावर खरंही असतं. घरच्यांना सांगून ठेवा की सरकारी पाकीट आलं की त्याच दिवशी फोटो पाठवायचा. निघण्याआधी वकिलाच्या नावे वकीलपत्र सही करून ठेवा आणि इथे आल्यावर वकिलातीत स्थानिक पत्ता नोंदवा.